भोसरीतल्या एका कारखानदारासाठी लिंक्डइन लिहिताना: आवाज, गुप्तता आणि महिन्याची फी

हे माझ्या एका क्लायंटचं प्रकरण आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण फीचे आकडे आणि चुका जशा झाल्या तशाच ठेवल्यात, कारण या कामात शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

पार्श्वभूमी

मी पुण्यात राहते आणि बिझनेस ओनर्ससाठी लिंक्डइनच्या पोस्ट लिहिते. नाव त्यांचं, प्रोफाइल त्यांचं, लिहिणारी मी, आणि मी आहे हे बाहेर कुणाला माहीत नसतं.

हे क्लायंट, त्यांना इथे साहेब म्हणते, भोसरी एमआयडीसीत फिक्स्चर आणि गेज बनवतात. फिक्स्चर म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, पक्का धरून ठेवणारी चौकट, जॉब हलला की माप गेलं. गेज म्हणजे ते माप तपासायचं साधन. साहेब नगर जिल्ह्यातले, डिप्लोमा झाल्यावर एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये बारा वर्षं काढली, मग भाड्याच्या शेडमध्ये एक सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, टाकून स्वतःचं सुरू केलं. आता अडतीस माणसं आहेत. काम सगळं ओळखीतून येतं आणि तीच त्यांची काळजी होती, की ज्या पर्चेस मॅनेजरांना ते वीस वर्षं ओळखतात ते सगळे पाच वर्षांत रिटायर होणार, आणि त्यांच्या जागी आलेली तिशीतली मुलं आधी प्रोफाइल उघडून बघतात, मग फोन करतात.

पहिल्या भेटीत त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, एका पोस्टचे किती?" मी म्हटलं एका पोस्टवर नाही, महिन्यावर करते, आठ पोस्टचे पंधरा हजार. हा आकडा मी कुठून काढला तर ओळखीतल्या दोघी-तिघी काय घेतात ते ऐकून. माझा वेळ किती जाईल याचा हिशोब केला नव्हता. आणि करार म्हणाल तर एक व्हॉट्सअॅप मेसेज होता, "लिखाणाचे सगळे हक्क तुमचे, मी कुठे सांगणार नाही." त्यावर त्यांचा अंगठा. एवढंच.

पहिली अडचण: पोस्ट चांगली होती, पण त्यांची नव्हती

पहिले दोन महिने मी पंधरा मिनिटं फोनवर बोलायचे, मुद्दे उतरवून घ्यायचे आणि माझ्या पद्धतीने इंग्रजीत पोस्ट लिहायचे. इंग्रजीत का, तर त्यांचे ग्राहक चाकणसारखेच चेन्नई आणि गुरुग्रामलाही आहेत. पोस्टना लाइक येत होते, साहेब खूश होते, मीही खूश होते.

मग चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला एक प्रदर्शन होतं, तिथे एका कंपनीचा माणूस त्यांना भेटला आणि म्हणाला, "तुमची ती लीडरशिपवरची पोस्ट वाचली, फार पटली, तुमच्याकडे हे नेमकं कसं करता?" साहेबांना पोस्ट आठवेना. ते कसंबसं काहीतरी बोलले, समोरच्याने मान डोलावली आणि विषय बदलला. रात्री त्यांचा फोन आला. रागावले नव्हते, पण म्हणाले, "मॅडम, माझ्याच नावाने कुणीतरी बोलतंय आणि मलाच माहीत नाही, असं झालं."

मी ती पोस्ट परत काढून वाचली. पहिली ओळ साधारण अशी होती की नेतृत्व म्हणजे माणसांना वाढायला जागा देणं. ही ओळ कुठल्याही बँकेचा मॅनेजर, कुठल्याही शाळेचा मुख्याध्यापक लिहू शकतो. फोनवर साहेब जे बोलले होते ते माझ्या वहीत तसंच होतं: "नवीन पोराला पहिल्या दिवशी मशीन दाखवायचं नाही, आधी रिजेक्शनचा लाल डबा दाखवायचा. एकेक पीस हातात देऊन विचारायचं, हा का गेला?" हे वाक्य माझ्याकडे होतं आणि मी त्यावर पॉलिश मारून ते मारून टाकलं होतं. त्या माणसाला पोस्ट लाल डब्याची वाचायला मिळाली असती तर साहेब स्टॉलवर उभ्या उभ्या अर्धा तास बोलले असते.

तेव्हा तीन रस्ते होते. एक, आहे तसंच चालू ठेवायचं आणि प्रत्येक पोस्टचा सारांश त्यांना पाठवायचा म्हणजे आठवेल. दोन, त्यांनीच मराठीत लिहायचं, मी फक्त इंग्रजी करायचं, पण ते लिहिणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. तीन, त्यांच्या बोलण्यातूनच पोस्ट काढायची, आणि त्यासाठी त्यांना बोलतं करायला लागेल तेवढा वेळ घालायचा. आम्ही तिसरा घेतला.

एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. तेव्हा दर पंधरा दिवसांनी गुरुवारी सकाळी पाऊण तासाचा कॉल ठरला, रेकॉर्ड करून. मधल्या दिवसांत ते गाडीत बसले की व्हॉइस नोट टाकायचे. मी ते सगळं शब्दशः उतरवायला लागले, "म्हणजे बघा" आणि "बरोबर ना" सकट. महिन्याभरात त्यांची बोलण्याची चाल दिसायला लागली. ते कधीच तत्त्वापासून सुरू करत नाहीत, आधी काय बिघडलं ते सांगतात. आकडा आला की थांबतात आणि परत सांगतात. स्वतःबद्दल बोलताना "मी" जवळजवळ नसतोच, "आपण" असतो.

आणि हा "आपण" इंग्रजीत नेताना मी बरीच अडले. आपण म्हणजे समोरच्यालाही धरून. इंग्रजीत त्याचं "वी" केलं की ते कंपनीच्या माहितीपत्रकासारखं वाजतं, आम्ही हे करतो, आम्ही ते करतो. शेवटी मी "वी" जवळपास काढूनच टाकलं आणि वाक्य कामावर आणलं, क्लॅम्प इथे लागतो, जॉब असा फिरतो, ऑपरेटर आधी हे बघतो. मग त्यात साहेब परत ऐकू यायला लागले. शिवाय वापरायचे नाहीत अशा शब्दांची एक यादी केली, पॅशन, जर्नी, एक्सलन्स वगैरे, असे वीसेक शब्द जे त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकले नव्हते.

तपासायची माझी पद्धत तेव्हापासून एकच आहे. ड्राफ्ट फोनवर वाचून दाखवायचा आणि दोन दिवसांनी, काही न दाखवता, विचारायचं की साहेब, त्या पोस्टमध्ये काय होतं सांगा. मराठीत सगळं सांगता आलं तर पोस्ट त्यांची. एखाद्या ठिकाणी अडले तर तो भाग माझा, तो काढायचा.

मधेच: पासवर्डचा प्रश्न

पहिल्याच महिन्यात साहेब म्हणाले होते, "पासवर्ड घ्या, ओटीपी आला की सांगतो, तुम्हीच टाकत जा." मी घेतला. ते सोपं होतं. लिंक्डइनच्या नियमात अकाउंट दुसऱ्याला वापरायला देणं बसत नाही हे मला माहीत होतं, पण सगळेच करतात म्हणून केलं.

तीन आठवड्यांनी पोस्ट टाकायला लॉगिन केलं आणि कोपऱ्यात एका मेसेजची पहिली ओळ दिसली. त्यांच्याच एका ग्राहक कंपनीतला इंजिनीअर नोकरी बदलायची म्हणून त्यांना चाचपत होता. मी तो उघडला नाही, पण ओळ वाचली गेलीच. त्या माणसाने साहेबांवर विश्वास ठेवून लिहिलं होतं आणि वाचत होते मी, जिचं अस्तित्वच त्याला माहीत नाही. उद्या ही बातमी कुठूनही फुटली असती तर मी काय सांगणार होते?

त्याच दिवशी साहेबांना सांगितलं की पासवर्ड बदला आणि मला देऊ नका. त्यांचा भाचा ऑफिसचं बघतो, बी. कॉम. झालेला, हुशार मुलगा. ठरलं असं की मी मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, साहेबांनी बघायचा आणि त्यांनी सांगितलं की भाच्याने साहेबांच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून शेड्यूल करायचं, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेआठ. नियमाच्या काटेकोर भाषेत भाचाही दुसराच माणूस, हे मान्य आहे. माझ्यासाठी हा निर्णय बरोबर होता, पण त्यात एक फट राहिली आणि पुढचं सगळं त्या फटीतूनच आलं.

मोठी अडचण: आवाज जुळला आणि माहिती बाहेर गेली

पाचव्या महिन्यात साहेबांनी एक फार सुंदर व्हॉइस नोट टाकली, नऊ मिनिटांची. ॲल्युमिनियमचं पातळ भिंतीचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच होतं, त्याचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मशीनवर मोजला की गोल, क्लॅम्प सोडला की ओव्हल. पोरांनी कटरचे इन्सर्ट बदलले, स्पीड कमी केला, काही फरक नाही. साहेब शेवटी स्वतः मशीनवर गेले आणि हाताने क्लॅम्प हळूहळू सोडत माप दाखवणाऱ्या डायलकडे बघत बसले. काटा हलला. म्हणजे कटरचा दोषच नव्हता, क्लॅम्पच भिंतीला दाबून वाकवत होता, त्या वाकलेल्या भिंतीत बोअर गोल कापला जात होता आणि दाब गेला की भिंत परत आपल्या जागी जाऊन बोअर लंबगोल. उपाय केला तो असा, की क्लॅम्प सरकवून जॉब ज्यावर टेकतो त्या खालच्या रेस्ट पॅडच्या बरोबर वर आणला म्हणजे दाब सरळ खाली जाईल, भिंतीला वाकवणार नाही. "आधी क्लॅम्प बघा, मग कटरला शिव्या द्या," असं ते शेवटी म्हणाले.

यापेक्षा चांगली पोस्ट मला वर्षभरात मिळाली नसती. मी ती जवळजवळ त्यांच्याच शब्दांत उतरवली. आणि त्यांचेच शब्द ठेवायचे या नादात "ईव्ही टू-व्हीलरचं मोटर हाउसिंग" आणि "महिन्याला चार हजार नग" हेही तसंच राहिलं. मला ते तपशील वाटले, तपशिलामुळेच तर गोष्ट खरी वाटते.

गुरुवारी संध्याकाळी ड्राफ्ट पाठवला. आमचा एक नियम होता, माझाच, की रात्री नऊपर्यंत उत्तर आलं नाही तर ओके समजायचं, नाहीतर साहेबांच्या बिझी दिवसांत पोस्ट अडकून राहायच्या. शुक्रवारी त्यांच्याकडे एका ग्राहकाचं ऑडिट होतं, ते सुट्टीच्या दिवशीही फाइलींमध्ये बुडालेले, मेसेज बघितलाच नाही. नऊ वाजले. भाच्याने शॉपच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून एक छान फोटो घेतला, फिक्स्चरवर जॉब, मागे ट्रॉली, आणि शेड्यूल करून टाकलं. ट्रॉलीला रूट कार्ड, म्हणजे जॉबबरोबर शॉपमध्ये फिरणारं माहितीचं कार्ड, लटकलेलं होतं. मोठं करून बघितलं तर पार्ट नंबर स्पष्ट वाचता येत होता.

मी फक्त मजकूर बघितला होता. भाच्याने फोटो निवडला, पण मजकुरात काय चालतं काय नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी दोन्ही बघितलं नाही. मजकूर आणि फोटो एकत्र ठेवून एकाही माणसाने ती पोस्ट बाहेर जायच्या आधी पाहिली नव्हती.

साडेअकराला त्या ग्राहक कंपनीच्या सप्लायर क्वालिटीच्या माणसाचा साहेबांना फोन आला. मॉडेल अजून बाजारात आलेलं नव्हतं. महिन्याला चार हजार हा आकडा म्हणजे त्यांचा प्रॉडक्शन प्लॅनच. आणि सप्लायर म्हणून साहेबांनी त्यांच्याशी केलेल्या गोपनीयतेच्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं की ग्राहकाचं नाव, पार्ट, ड्रॉइंग, व्हॉल्यूम यातलं काहीही लेखी परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नाही. तो करार मी कधी मागितलाच नव्हता. माझ्या डोक्यात गुप्तता म्हणजे माझं नाव लपवणं, एवढीच होती.

काय काय करता आलं असतं

साहेबांनी ऑडिटमधून बाहेर येऊन मला फोन केला. आवाज शांत होता आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मजकूर एडिट करावा का? एडिट केला तर शब्द जातात, पण टाकलेल्या पोस्टचा फोटो बदलता येत नाही, आणि पार्ट नंबर फोटोतच होता. म्हणून तो पर्याय तिथेच संपला, पोस्ट डिलीट करणं एवढंच होतं. भाच्याने पाच मिनिटांत केली. आधीच कुणी स्क्रीनशॉट घेतले असतील तर त्याला इलाज नव्हता.

खरा प्रश्न होता ग्राहकाला काय सांगायचं. "बाहेरच्या एजन्सीने केलं" असं सांगता आलं असतं. साहेबांनी ते माझ्यासमोर मांडलंही आणि त्यांना तसा अधिकार होता, चूक माझीही होतीच. मी म्हटलं, सांगायचं असेल तर सांगा, हवं तर मी स्वतः येऊन बोलते. पण दोघांनी मिळून विचार केला तेव्हा लक्षात आलं की तसं सांगितलं तर ग्राहकाच्या डोक्यात दुसरा प्रश्न येणार, की म्हणजे आमच्या पार्टची माहिती तुम्ही बाहेरच्या बाईला दिलीत? आणि ते खरंच होतं. व्हॉइस नोटमध्ये माझ्यापर्यंत ती माहिती आली तेव्हाच करार मोडला होता, पोस्ट पडली तेव्हा फक्त तो दिसला. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः चाकणला गेले. म्हणाले, माझ्या नावाने गेलंय, जबाबदारी माझी. पोस्ट लिहायला बाहेरची मदत घेतो हेही त्यांनी तिथे सांगितलं, माझं नाव न घेता. मला वाटतं ते योग्यच केलं, कारण ग्राहकाने नेमकं तेच विचारलं असतं आणि खोटं बोलावं लागलं असतं. लेखी खुलासा दिला, यापुढे शॉपचा एकही फोटो क्वालिटी हेडच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही असं लिहून दिलं. ग्राहकाने लेखी ताकीद दिली आणि एका नवीन पार्टची चौकशी दोन महिने थांबवून ठेवली. नंतर ती परत सुरू झाली, पण ते दोन महिने साहेबांनी कसे काढले ते मी दर गुरुवारी ऐकत होते.

त्या महिन्याची फी मी घेतली नाही. साहेब द्यायला तयार होते. मी घेणं बरोबर वाटलं नाही, तरी आज विचार केला तर त्यापेक्षा करारात चुकीची जबाबदारी कुणाची आणि किती हे आधीच लिहिलेलं असतं तर जास्त बरं झालं असतं. तेव्हा मी भावनेच्या भरात पंधरा हजार सोडले आणि त्याने साहेबांचं काहीच भरून आलं नाही.

मग काय बदललं

सगळ्यात आधी "उत्तर नाही म्हणजे ओके" हा नियम काढला. आता उत्तर नाही म्हणजे पोस्ट नाही. महिन्यात एखादी कमी गेली तरी चालेल. आणि मान्यता मजकुराला नाही, अख्ख्या पोस्टला. भाचा मजकूर आणि फोटो लावून, पोस्ट कशी दिसेल त्याचा स्क्रीनशॉट साहेबांना आणि क्वालिटी हेडला पाठवतो आणि दोघांचा "ओके" आल्याशिवाय शेड्यूल करत नाही. फोटोसाठी वेगळं टेबल केलंय, मागे कोरी भिंत, तिथे रूट कार्ड, ड्रॉइंग, ग्राहकाचा क्रेट काही आणायचंच नाही.

मग बाहेर न जाणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसलो. ग्राहकाचं नाव, पार्टचं नाव, व्हॉल्यूम, प्लांट कुठला, हे मला आता कळत होतं. पण क्वालिटी हेडने एक गोष्ट घातली जी मला कधीच सुचली नसती. मी एका ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं की नवीन फिक्स्चरमुळे सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला मशीनवर लागणारा वेळ, अकरा मिनिटांवरून सातवर आला. मला ही अभिमानाची गोष्ट वाटली. ते म्हणाले, "मॅडम, हे ग्राहकाच्या पर्चेसने वाचलं ना, की सोमवारी मेल येणार, चार मिनिटं वाचली तर रेट कमी करा." जॉबचा दर मशीन किती वेळ चालतं यावरून काढतात, तेव्हा सायकल टाइम जगाला सांगणं म्हणजे स्वतःचं मार्जिन सांगणं. आता आम्ही लिहितो की सेटिंगचा त्रास गेला, रिजेक्शन थांबलं. मिनिटं लिहीत नाही.

हाउसिंगची ती पोस्ट चार महिन्यांनी परत लिहिली. "एक पातळ भिंतीचा ॲल्युमिनियमचा जॉब", बस. बोअर गोल, सोडला की ओव्हल, डायलचा काटा, क्लॅम्प पॅडच्या वर आणणं, सगळं तसंच. टाकायच्या आधी ग्राहकाला दाखवून त्यांची लेखी परवानगी घेतली. आणि गंमत म्हणजे गोष्ट तसूभरही कमी झाली नाही, काढलेल्या दोन तपशिलांचं त्या गोष्टीत काही कामच नव्हतं. डायलचा हललेला काटा हा आवाजाचा भाग होता, चार हजार नग हा नव्हता. हा फरक मला चार महिने आधी करता यायला हवा होता.

माझ्या बाजूने लेखी करार केला, आणि यावेळी वकिलाला दाखवून. हक्कांबद्दल मला जे माहीत नव्हतं ते असं, की फ्रीलान्स लिहिणाऱ्याच्या मजकुराचा कॉपीराइट आपोआप क्लायंटचा होत नाही, तो लेखी आणि सही करून द्यावा लागतो, म्हणजे माझा तो व्हॉट्सअॅप मेसेज आणि त्यावरचा अंगठा फारसा कामाचा नव्हता. त्यातही मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभर" असं स्पष्ट लिहिलं. आणि हक्क दिल्यानंतरही आपण लेखक आहोत हे सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, त्यासाठी वेगळं कलम घातलं की मी हे लिखाण माझं आहे असं कुठेही, कुणालाही, काम संपल्यावरही सांगणार नाही. रेकॉर्डिंग साठ दिवसांनी पुसायचं, पोस्ट झाल्यावर शब्दशः उतरवलेलं टिपण पुसायचं, आणि साहेबांनी बोलताना ग्राहकाचं नाव घेतलं तर मी उतरवताना तिथे "ग्राहक अ" एवढंच लिहायचं.

फीचं काय झालं

आवाज जुळवायला लागल्यापासून माझा वेळ वाढला होता, पण फी तीच होती. एक महिना घड्याळ लावून वेळ लिहिला. कॉलचे दीड तास, ऐकून उतरवायचे चार, आठ ड्राफ्टचे बारा, बदल करत बसायचे पाच, आणि फोटो कुठाय, उत्तर कुठाय म्हणून मागे लागायचे चार. साडेसव्वीस तास. पंधरा हजाराला भागलं तर तासाचे साधारण ५६५ रुपये. आणि यात तपासणीला शून्य मिनिटं. चूक झाली तो महिना असाच होता, घाईत पुढच्या पोस्टवर उडी मारलेला.

साहेबांना सांगितलं की आठच्या जागी सहा पोस्ट आणि महिन्याचे चोवीस हजार. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, काम कमी आणि पैसे जास्त?" मी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, छोट्या लॉटला तुम्ही सेटिंगचे पैसे वेगळे लावता का नाही? एक पीस कापायचा असो की पन्नास, जॉब बांधायला वेळ तोच जातो ना? ऐकणं, उतरवणं, तपासणं हे माझं सेटिंग आहे. ते लगेच कळलं, पुढे घासाघीस झाली नाही. फक्त म्हणाले की बदल किती वेळा करणार ते लिहून टाका, आमच्याकडे पण ड्रॉइंग बदललं की रेट बदलतो. म्हणून एकदा बदल फीमध्ये, दुसऱ्यांदा मागितला तर वेगळे पैसे. कमेंटला उत्तरं आणि मेसेज साहेबांनी स्वतः द्यायचे, ते माझ्याकडे नाही.

पैसे कधी हा प्रश्न सगळ्यात अवघड गेला, कारण त्यांच्या धंद्यात नव्वद दिवसांची उधारी चालते आणि त्यांना मी महिन्याच्या आधी पैसे मागणं विचित्र वाटत होतं. शेवटी पाच तारखेपर्यंत ॲडव्हान्स ठरलं. १० टक्के टीडीएस कापून हातात २१,६०० येतात, कापलेले रिटर्न भरताना हिशोबात धरले जातात, पण घरखर्चाचं गणित मात्र २१,६०० वरच मांडायला लागतं. वेळ आता एकोणीस-वीस तास लागतो, त्यातले दोन निव्वळ तपासणीचे.

एक गोष्ट मी फीमध्ये धरली नव्हती आणि ती धरायला हवी. या कामातलं माझं सगळ्यात चांगलं लिखाण मी कुणाला दाखवू शकत नाही. नवीन क्लायंट विचारतो नमुने दाखवा, आणि माझ्याकडे दाखवायला काही नसतं. साहेबांशी बोलून असं ठरवलं की वर्षातून दोनदा, त्यांच्या ओळखीतल्या माणसाला, ते स्वतः फोनवर माझ्याबद्दल सांगतील. त्यातून एक काम मिळालं. आणि एक सोडावंही लागलं, चाकणचा एक फिक्स्चरवालाच माझ्याकडे आला, साहेबांचा सरळ स्पर्धक. मी वेळ नाही म्हणून सांगितलं. कारण सांगितलं असतं तर साहेबांसाठी कोण लिहितं हे तिथेच उघड झालं असतं.

निकाल आणि आज परत केलं तर

चौदा महिन्यांत पोस्ट बघून आलेल्या म्हणता येतील अशा कामाच्या चौकश्या तीन. त्यातली एक ऑर्डरपर्यंत गेली, चेन्नईची. दोन टूलरूमची मुलं पोस्ट वाचून नोकरीला आली आणि साहेबांना याचंच जास्त अप्रूप आहे, कारण चांगला टूलमेकर मिळणं ऑर्डर मिळण्यापेक्षा कठीण झालंय. लाइक पहिल्या दोन महिन्यांपेक्षा कमीच येतात.

आज असा क्लायंट आला तर मी पहिल्या भेटीत फीच्या आधी एकच कागद मागेन, त्यांच्या ग्राहकांशी झालेले गोपनीयतेचे करार, निदान त्यातली ती कलमं. सगळे दाखवणार नाहीत, मग त्यांच्याच माणसाने ती वाचून माझ्यासाठी यादी करायची. यादी तयार झाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू. पहिला महिना पोस्ट टाकायचीच नाही, फक्त ऐकायचं आणि तीन ड्राफ्ट लिहून दोन दिवसांनी विचारायचं काय आठवतं, आणि या महिन्याची फी पूर्ण घ्यायची. तेव्हा मला भीती वाटायची की पोस्ट न टाकता पैसे मागितले तर क्लायंट जाईल. साहेबांना विचारलं की तेव्हा असं सांगितलं असतं तर थांबला असतात का? ते म्हणाले, "नव्वद दिवस ट्रायल पीस देतो मी ग्राहकाला, तुम्ही महिना मागितला असता तर काय झालं असतं?"

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. भाचा आता स्वतःच चांगलं लिहायला लागलाय, गेल्या महिन्यातल्या सहापैकी दोन पोस्ट मुळात त्याच्या होत्या, मी फक्त हात फिरवला. एप्रिलमध्ये करार परत करायचा आहे आणि तेव्हा मी लिहिणारी राहणार की त्याला शिकवणारी, आणि शिकवण्याची फी कशी लावायची, हे आम्ही पुढच्या गुरुवारी बसून ठरवणार आहोत.